तेलातला तीळ

दरवर्षी १३ जानेवारीला सोलापुरात यण्णीमज्जन होतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापिली, त्या लिंगांना या दिवशी तेलाचा अभिषेक होतो. सात नंदीध्वज निघतात, ‘हर्र बोला हर्र’चा गजर होतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बातमी येते ती ‘तैलाभिषेक’ म्हणून. गावात मात्र मराठी घरांतूनही ‘यण्णीमज्जन’ हाच शब्द चालतो. त्यातलं मज्जन म्हणजे स्नान, आणि यण्णी म्हणजे कानडीतलं एण्णे, म्हणजेच तेल. पुढच्या दिवशी अक्षता सोहळा, आणि त्याला लागूनच संक्रांत. मग घरोघरी तिळगूळ वाटला जातो.

म्हणजे एक दिवस तेलाचा आणि दुसरा तिळाचा. मला ही जोडी फार मोलाची वाटते, कारण भाषेच्या अंगाने पाहिलं तर हे दोन्ही दिवस एकाच शब्दाचे आहेत. मराठी ‘तेल’ हा शब्द तिळातून निघाला. कानडी ‘एण्णे’ हाही तिळातूनच निघाला, आणि तो मराठीकडून घेतलेला नाही, त्याच्या स्वतःच्या वाटेने आलेला आहे. शब्दांचे अर्थ शतकांच्या ओघात कसे पसरतात, आक्रसतात, वर चढतात किंवा घसरतात हे समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही. तेलाच्या दुकानाशी जरा वेळ उभं राहिलं तरी पुरतं.

आधी तेलाचीच गोष्ट. संस्कृतात तीळ म्हणजे तिल, आणि जे तिलाचं ते तैल. शब्दाची बांधणीच अशी आहे की त्यात दुसऱ्या कशाला जागा नाही. तैल म्हणजे तिळापासून काढलेला द्रव, एवढाच त्याचा अर्थ. मग करडईपासून काढलेल्या द्रवाला तैल म्हणायचं कसं? मोहरीच्या, एरंडाच्या द्रवाला कसं म्हणायचं? तरीही लोक म्हणू लागले, आणि ते फार जुन्या काळी. पाणिनीच्या सूत्रांवर जी वार्तिकं आहेत, त्यांत ‘तैल’ हा चक्क प्रत्यय मानला आहे. कोणत्याही बीजाच्या नावापुढे तो लावा, त्या बीजाचा स्निग्ध रस असा अर्थ मिळेल. सर्षपतैल म्हणजे मोहरीचं तेल, इंगुदीतैल म्हणजे हिंगणबेटाचं. व्याकरणकारांपुढे लोकांचं बोलणं होतं आणि त्या बोलण्यात तैल तिळापासून सुटून गेलेलं होतं. मुळाशी तीळ आहे म्हणून त्यांनी लोकांना चूक ठरवलं नाही. त्यांनी नवा नियम लिहिला. ख्रिस्तपूर्व काळातल्या माणसांची ही समज मला आजही आदराची वाटते.

हे असं का झालं असावं, याचं कारण घाण्यावर दिसतं. तिळाच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. दाणा लहान, साल पातळ, आणि दगडावर रगडला तरी बोटांना ओशटपणा लागतो. करडईचं तसं नाही. तिचं टरफल टणक, आणि टरफलासकट दाण्यात तेल तिसऱ्या हिश्श्याच्या आतबाहेर. भुईमूग तर त्या काळी या देशात नव्हताच. हडप्पाच्या उत्खननात जळके तीळ सापडले आहेत, इतकी तिळाची आणि आपली ओळख जुनी. त्यामुळे बीज गाळून काढलेला रस म्हटला की डोळ्यांपुढे यायचा तो तिळाचाच. जी वस्तू रोजच्या वापरात सगळ्यांत पुढे असते, तिचं नाव साऱ्या जातीला लागतं. भाषाशास्त्रात याला अर्थविस्तार म्हणतात.

विस्तार झाला हे ओळखायचं कसं? त्याची एक हमखास खूण आहे. मूळ वस्तूला स्वतःच्याच नावावर विशेषण लावून घ्यावं लागतं. आपण ‘तिळाचं तेल’ म्हणतो. शब्दाच्या मुळाकडे पाहिलं तर हा ‘तिळाचा तिळाचा रस’ झाला. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही ‘तिलतैल’ असा शब्द येतो. ज्या दिवशी कोणाला असं म्हणण्याची गरज भासली, त्या दिवशी नुसतं ‘तैल’ म्हणजे तिळाचंच, ही खात्री संपलेली होती. पुढे मराठीने आणखी एक पाऊल टाकलं. तेल हा शब्द बीजाच्या नावाला चिकटून इतका झिजला की त्याचं फक्त ‘एल’ उरलं. खोबरं आणि तेल मिळून खोबरेल, एरंड आणि तेल मिळून एरंडेल, करडई आणि तेल मिळून करडेल. खोबरेल डोक्याला लावताना त्यात तिळाचं नाव आहे हे कोणाच्या मनात येईल? पण आहे.

रॉकेलची गंमत याहून मोठी. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभ्या राहिलेल्या पिढीला हा शब्द खोबरेलाच्या पंगतीतला वाटायचा. कान तसंच सांगतात. पण हा इंग्रजीतल्या ‘रॉक ऑइल’चा मराठी अवतार आहे. त्यातलं ‘ऑइल’ लॅटिन आणि ग्रीकमधून आलेलं, आणि तिकडे त्याचं मूळ आहे ऑलिव्हचं फळ. भूमध्य समुद्राच्या काठी रोजच्या वापरात ऑलिव्ह पुढे होतं, म्हणून तिथे ऑलिव्हचं नाव साऱ्या तेलांना लागलं. आपल्याकडे तीळ पुढे होता, म्हणून तिळाचं लागलं. खडकातून निघालेल्या द्रवाला तिकडच्या लोकांनी ऑलिव्हचं नाव दिलं, आणि आपण ‘खनिज तेल’ म्हणून तिळाचं दिलं. विहिरीतून उपसलेल्या त्या काळ्या द्रवाचा दोघांशीही काही संबंध नाही.

आता सोलापूरच्या दुकानात येऊ. आमच्या गावात तेल घ्यायला येणारं गिऱ्हाईक निदान तीन-चार भाषांतून बोलतं. पूर्व भागातल्या विणकर घरांतली बाई घरात तेलुगू बोलते आणि नूने म्हणते. अक्कलकोटकडून आलेला शेतकरी एण्णे म्हणतो. मराठी माणूस तेल म्हणतो, आणि दखनी बोलणाराही तेलच म्हणतो. दुकानदाराला सगळं कळतं, तो डबा पुढे करतो. पण शब्द उलगडून पाहिले तर नवल वाटतं. कानडीत तिळाला एळ्ळु म्हणतात आणि तुपासारख्या स्निग्ध पदार्थाला जुना शब्द आहे नेय्. एळ् आणि नेय् मिळून एण्णे झालं. म्हणजे तिळाचं तूप. तेलुगूत तिळाला नुव्वु म्हणतात आणि तुपाला नेय्यि. त्यांचं मिळून नूने झालं. पुन्हा तिळाचं तूपच. कानडी आणि तेलुगू द्राविड कुळातल्या, मराठी त्या कुळाबाहेरची. शब्द घडवण्याची रीतही निराळी. संस्कृतने तिळाला प्रत्यय लावला, द्राविड भाषांनी तीळ आणि तूप हे दोन शब्द जोडले. आणि तरीही तिन्ही शब्द तिळापासून निघाले आणि तिन्ही साऱ्या तेलांचे झाले. आज पूर्व भागातली ती बाई ‘करडीचं नूने’ म्हणते तेव्हा तीही मराठी माणसासारखीच तिळाला विसरून बोलते.

भाषा एकमेकींकडून शब्द उचलतात हे आपण नेहमी ऐकतो. इथे शब्द उचललेला नाही. शेत सारखं, घाणा सारखा, गरज सारखी, म्हणून अर्थाची वाट सारखी. अर्थ कसा बदलतो याचं कारण शब्दाच्या पोटात शोधायचं नसतं, ते माणसांच्या कामात शोधायचं, हे मला या तीन शब्दांइतकं स्पष्ट दुसऱ्या कशाने दाखवलेलं नाही.

एळ्ळुचा आणखी एक धागा आमच्या शेतांतून गेलेला आहे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात शेतात जाऊन जेवायचा सण असतो. कडब्याची खोप, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, आणि पै-पाहुण्यांना आग्रहाने बोलावून वाढलेली पंगत. याला गावात येळवस म्हणतात आणि छापताना वेळ अमावास्या. याच अमावास्येला सीमेपलीकडे कानडी शेतकरी एळ्ळ अमावास्ये म्हणतो, म्हणजे तिळाची अमावास्या. इकडे येताना एळ्ळचा ‘येळ’ झाला. मराठी कानाला येळ म्हणजे वेळ. गावाकडे वेळेला येळच म्हणतात. म्हणून शिकलेल्या माणसाने लिहिताना ‘शुद्ध’ करून वेळ लिहिलं. आता मुलं विचारतात, कसली वेळ? आणि कोणीतरी पेरणीची, कोणीतरी पिकाची वेळ सांगतं. शब्दाचा अर्थ कळेनासा झाला की माणूस त्याला रिकामा ठेवत नाही, जवळचा दुसरा अर्थ त्यात आणून बसवतो. ही चूक म्हणून हसण्यावारी नेऊ नये. लोकांना आपल्या सणाच्या नावात अर्थ हवा असतो, त्याची ही खूण आहे.

विस्ताराच्या उलट वाट अर्थसंकोचाची, आणि तिचं सोलापुरातलं उदाहरण साऱ्या महाराष्ट्राने चाखलेलं आहे. शेंग म्हणजे कोणत्याही झाडाचं लांबट, दाणे असलेलं फळ. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, शेंगेचा हाच सर्वसाधारण अर्थ दिलेला आहे. गवारीची शेंग, शेवग्याची शेंग, मुगाची शेंग, सगळ्याच शेंगा. पण सोलापुरात नुसतं ‘शेंगा’ म्हणा. कोणी विचारणार नाही, कशाच्या? शेंगा म्हणजे भुईमुगाच्या. शेंगाचटणी म्हणजे भुईमुगाच्या दाण्यांची चटणी, शेंगापोळी म्हणजे दाण्यांच्या सारणाची पोळी. पुण्यामुंबईकडे जिथे शेंगदाणे म्हणतात तिथे आमच्याकडे टरफल काढलेल्या दाण्यालाही शेंगा म्हणून चालतं. म्हणजे शब्द एका बाजूने आक्रसला, सगळ्या शेंगा सोडून एकीचा झाला, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने जरा पसरला, टरफलावरून आतल्या दाण्यापर्यंत गेला.

चटणी कुटताना पाहिलं की हा शब्द इथे एवढा घट्ट का बसला ते उमगतं. भाजून सालं काढलेले दाणे उखळात घालतात, त्यात लसूण, जिरे, मीठ आणि लाल तिखट. पहिले काही घाव कोरडे बसतात, भुगा उडतो. मग मुसळाचा आवाज बदलतो, जड होतो. भुगा एकमेकाला धरू लागतो, उखळाच्या कडेला तांबूस चकाकी येते आणि मुठीत घेतली की चटणीचा मुटका होतो. वरून तेलाचा थेंब घातलेला नसतो. ते तेल दाण्याचंच. मिक्सरमध्ये फिरवलेल्या चटणीला ही चकाकी येत नाही, कारण पातं दाणा कापतं आणि मुसळ त्याला चिरडतं. घरात रोजच्या रोज होणारं काम, दुष्काळी शिवारात हाताशी येणारं पीक, आणि भाकरीबरोबर कायमचं कालवण. जिथे एकाच शेंगेचं एवढं चालतं तिथे बाकीच्या शेंगांना आपापलं विशेषण घेऊन यावं लागतं.

आणि हा आक्रसलेला अर्थ पुढे प्रवासाला निघाला. उत्तर कर्नाटकात भुईमुगाला शेंगाच म्हणतात. शेंगा चटणी, शेंगा होळिगे हे तिथले घरोघरचे पदार्थ. पण त्या कानडीत शेंगा म्हणजे शेवग्याची किंवा गवारीची शेंग नव्हे. शब्द सीमा ओलांडतो तेव्हा सगळे अर्थ बरोबर नेत नाही, त्या घडीला बाजारात जो अर्थ चालू असेल तेवढाच नेतो. अर्थाच्या अभ्यासकाला ही दुसरी खूण फार उपयोगी पडते. शेजारच्या भाषेत गेलेला शब्द पाहावा. तिथे तो ज्या अर्थाने थांबलेला असतो, तो अर्थ तो निघाला तेव्हा इकडे पक्का झालेला होता.

शब्द वरही चढतात. स्नेह या शब्दाचं तसं झालं. संस्कृतात स्नेह म्हणजे ओशटपणा, चिकटपणा, आणि त्यावरून तूप, तेल, चरबी, मज्जा असे सगळे स्निग्ध पदार्थ. आयुर्वेदात हे चार स्नेह म्हणून सांगितलेले आहेत आणि पंचकर्माच्या आधी शरीराला तेल-तूप देण्याला आजही स्नेहन म्हणतात. त्याच संस्कृतात स्नेह म्हणजे माया हाही अर्थ होता. दिव्यातलं तेल आणि मनातली माया या दोन अर्थांवर कवींनी पुष्कळ श्लेष केले. मराठीने मात्र दोहोंतला एकच ठेवला. आज कोणी ‘दिव्यात स्नेह घाल’ म्हणत नाही. स्नेह म्हणजे माया, जिव्हाळा. स्नेहसंमेलन, स्नेहभोजन, पत्राखाली स्नेहांकित. ओशटपणाच्या पायरीवरून शब्द माणसामाणसांतल्या ओलाव्यापर्यंत चढला. जुना अर्थ शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘स्निग्ध पदार्थ’ म्हणून जिवंत आहे, आणि तोही परीक्षेपुरता. संक्रांतीला तीळ देताना आपण स्नेहाबद्दल बोलतो. तिथे हे दोन्ही अर्थ क्षणभर एकत्र येतात. तिळात स्नेह आहे हे रसायनाच्या अंगानेही खरं आहे.

शब्द घसरतानाही पाहता येतात. मराठीत घाण म्हणजे दुर्गंध, कचरा, ओंगळपणा. तिचं मूळ संस्कृत घ्राण. घ्राण म्हणजे वास घेणं, नाक, वास. आजही पुस्तकात नाकाला घ्राणेंद्रिय म्हणतात आणि त्यात काही वाईट नसतं. पण प्राकृतातून मराठीत उतरलेलं घाण आधी दुर्गंध झालं आणि मग दुर्गंध ज्यातून येतो ती वस्तू झालं. ‘वास’ हा शब्द तर अजून वाटेवर आहे, त्यामुळे घसरण चालू असताना पाहायची संधी आपल्याला मिळालेली आहे. संस्कृतात वासित म्हणजे सुगंधी केलेलं. फुलांनी पाणी वासित करतात. मराठीत वास म्हणजे चांगला-वाईट कोणताही गंध. पण स्वयंपाकघरातून आई ओरडली, ‘अगं, दुधाला वास येतोय,’ तर लेक काय समजते? दूध नासलंय. वास चांगला असेल तर आता सांगावं लागतं, ‘छान वास येतोय.’ न सांगितलेला वास वाईट धरला जातो. घाण ज्या रस्त्याने गेली त्याच रस्त्यावर वास निघालेला आहे.

असं का होतं? अर्थशास्त्र म्हणजे पैशाचं शास्त्र, म्हणून शब्दार्थाच्या अभ्यासाला आपण अर्थविचार म्हणू. त्याला ‘सेमांटिक’ हे नाव देऊन उभा करणारा फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल. त्याचा मुख्य ग्रंथ १८९७ साली आला. शब्द आपसूक वाईटाकडे झुकतात हे म्हणणं त्याला मान्य नव्हतं. त्याचं सांगणं असं की माणूस अप्रिय गोष्ट झाकून बोलतो आणि त्या झाकण्याने शब्द मळतो. दुधाचं उदाहरण त्याच्या म्हणण्याला नेमकं लागू पडतं. दूध नासलंय असं सरळ म्हणायला जीभ कचरते, म्हणून आपण ‘वास येतोय’ एवढंच म्हणतो. सौम्य शब्द वाईट गोष्टीच्या जागी पुन्हा पुन्हा वापरला की ती वाईट गोष्ट त्याला चिकटते. मग तो शब्द सौम्य राहत नाही आणि दुसरा सौम्य शब्द शोधावा लागतो. घसरणीच्या मुळाशी बहुतेकदा असभ्यपणा नसतो, सभ्यपणा असतो. मला वाटतं, अर्थाच्या साऱ्या बदलांत ही गोष्ट सगळ्यांत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नाव बदलून माणसाची स्थिती बदलेल असं समजणारे फतवे निघतात तेव्हा तर फारच. विधवेला ‘गंगा भागीरथी’ म्हणावं अशी सूचना २०२३ साली महाराष्ट्रात निघाली आणि तिला लगेच विरोध झाला. लग्नपत्रिकेत ‘गं. भा.’ हे पूर्वीपासून छापलं जातच होतं, आणि त्याने बाईच्या वाट्याला आलेलं काही टळलं नव्हतं. याउलट कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथाच बंद करण्याचा ठराव केला. शब्द वर काढायचा असेल तर आधी त्या शब्दाखालचं वागणं बदलावं लागतं.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. घाण आणि तेलाचा घाणा हे दोन शब्द कानाला सख्खे वाटतात. घाण्याजवळ पेंडीचा उग्र दर्प असतो, म्हणून घाण हा शब्द घाण्यावरून आला असेल, असं अनुमान काढायला मन लगेच तयार होतं. पण त्यांची मुळं वेगळी आहेत. घाण घ्राणातून आली, घाणा हा गाळण्याच्या यंत्राचा स्वतंत्र शब्द. अर्थाचा प्रवास पटण्यासारखा आहे म्हणून तो झालाच असं धरता येत नाही. ध्वनी कसे बदलले ते जुळावं लागतं, जुन्या लेखात मधला अर्थ सापडावा लागतो. शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली आला. शके अमुकच्या ताम्रपटात, महानुभावांच्या ग्रंथात हा शब्द या अर्थाने येतो, असा पुरावा तिथे मिळतो. पुरावा नसेल तर गोष्ट सुंदर असूनही बाजूला ठेवावी.

घाण्याचा स्वतःचा प्रवास मात्र पुराव्याला धरून आहे आणि रोजच्या कानावरचा आहे. लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट, लाटेला जुंपलेला बैल, हा घाणा. एका वेळी उखळात जेवढे तीळ घालायचे तेवढ्या मालालाही घाणाच म्हणत. पुढे तो शब्द चुलीवर आला. भज्यांचा पहिला घाणा काढला, दुसरा घाणा जरा करपला. यंत्रावरून मापावर आणि मापावरून कढईवर. आता सोलापुरात पुन्हा लाकडी घाण्याची दुकानं दिसू लागली आहेत. बैलाच्या जागी मोटार आली आहे, पण पाटीवर ‘लाकडी घाणा’ असंच लिहिलेलं असतं. तिथे तिळाचं, करडईचं, शेंगाचं तेल डोळ्यांदेखत गाळून मिळतं आणि दुकानदार ‘पहिल्या घाण्याचं आहे बघा’ म्हणतो.

अनेकदा वादात कोणीतरी एखाद्या शब्दाचं मूळ काढतं आणि त्या जोरावर सांगतं, ‘या शब्दाचा खरा अर्थ हा.’ तेलाचा दाखला त्याला पुरेसा आहे. मूळ अर्थ खरा धरला तर करडईचं तेल ही खोटी वस्तू ठरेल. एण्णे आणि नूनेही खोटी ठरतील. मूळ आपल्याला खरा अर्थ सांगत नाही. मूळ सांगतं की हा शब्द ज्यांनी घडवला त्यांच्या हाताला काय लागत होतं, त्यांच्या शिवारात काय पिकत होतं, त्यांना काय झाकायचं होतं. अर्थ ठरतो तो आज बोलणाऱ्या माणसांकडून, आणि त्यांच्याकडूनच तो उद्या बदलेल. पण म्हणून मूळ फुकट जात नाही. सत्ता आणि शिक्षण ज्यांच्या हाती नव्हतं अशा तेल्याची, शेतकऱ्याची, चटणी कुटणाऱ्या बाईची साक्ष अनेकदा फक्त शब्दाच्या मुळात आणि त्याच्या वळणांत उरलेली असते. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांचे शब्द मात्र आपण बोलतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, गावात, धंद्यात एखादा शब्द पुस्तकातल्या अर्थापेक्षा निराळ्या अर्थाने वापरला जात असेल, तर तो चूक म्हणून सुधारू नका आणि गंमत म्हणून सोडूही नका. वहीत उतरवून ठेवा. नुसता शब्द आणि अर्थ लिहून भागत नाही. कोणत्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य लिहा, बोलणाऱ्याचं साधारण वय लिहा, गाव लिहा, साल लिहा. हातमागावर बसलेले, बैलाचा घाणा फिरताना पाहिलेले, येळवशीला ‘एळ्ळ’ म्हणणारे म्हातारे अजून आहेत. त्यांच्याकडे आताच जायला हवं.